जवसाच्या चटणीत दाणे: माल परत मागवण्याची सूचना नव्याने कशी लिहायची

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका काकूंचा सकाळी साडेसातला फोन आला. हडपसरच्या पुढे त्यांचं चटण्या-मेतकुटाचं छोटं युनिट आहे, पाकिटांवरचा आणि जाहिरातींचा मजकूर मी लिहून देतो. म्हणाल्या, "अरे, एक सूचना लिहिलीय, दुकानांत लावायचीय. जरा शुद्धलेखन बघून दे." व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर असा होता:

"सर्व सन्माननीय ग्राहकांस नम्र निवेदन. आमची संस्था गेली अनेक वर्षे दर्जा व विश्वासाची परंपरा जपत आहे. काही तांत्रिक कारणास्तव आमच्या जवस चटणी या उत्पादनाच्या एका ठराविक बॅचमध्ये शेंगदाण्याचा अंश आढळून येण्याची शक्यता नाकारता येत नाही. केवळ खबरदारीचा उपाय म्हणून सदर बॅच स्वेच्छेने परत मागविण्यात येत आहे. सदर उत्पादन खाण्यास पूर्णपणे सुरक्षित असून ग्राहकांनी घाबरून जाऊ नये. संबंधितांनी नजीकच्या विक्रेत्याशी संपर्क साधून सहकार्य करावे. ग्राहकांचे आरोग्य हीच आमची सर्वोच्च प्राथमिकता."

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाने हे वाचलं, तर त्याला एवढंच कळतं की चटणी पूर्णपणे सुरक्षित आहे आणि घाबरायचं कारण नाही. म्हणजे ज्या एका वाचकासाठी सूचना लिहायची, त्यालाच ती खायला सांगत होती.

ती सूचना त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत नव्याने लिहिली. कशी, ते क्रमाने सांगतो. युनिटचं नाव देत नाही. तपशील चटणीचे आहेत, पण तुमचा माल वेगळा असला तरी कामाचा क्रम तोच राहील.

आधी पेन खाली ठेवा

पहिला तास लिहिण्यात घालवू नका, विचारण्यात घालवा. धूसर सूचना बहुतेक वेळा लिहिणाऱ्यालाच नेमकं काय झालंय हे माहीत नसल्यामुळे धूसर होते. "तांत्रिक कारणास्तव" हे शब्द दिसले की समजायचं, कारखान्यात अजून कोणी खाली जाऊन बघितलेलं नाही.

मी काकूंच्या मुलाला फोनवर धरून एकेक विचारत गेलो. १२ ऑगस्टला सकाळी शेंगदाणा चटणी झाली, त्याच मिक्सरवर दुपारी जवसाची. मधे धुलाई व्हायला हवी होती. नेहमीचा माणूस रजेवर होता, बदलीच्या मुलाने कोरड्या फडक्याने पुसलं, आणि पॅकिंग मशीनच्या हॉपरमध्ये शेंगदाणा चटणी तशीच तळाशी राहिली. त्यावर जवसाची ओतली गेली. १०० ग्रॅमची ६४० पाकिटं भरली. हॉपर खालून रिकामा होतो, म्हणून दाण्यांचं प्रमाण पहिल्या पाकिटांत जास्त आणि पुढे कमी होत गेलं असणार. पण भरल्यावर पाकिटं क्रेटमध्ये कशीही पडतात, त्यामुळे पहिलं कुठलं आणि शेवटचं कुठलं हे आता सांगता येत नाही.

मग पुढचा प्रश्न: ६४० पैकी आज कुठे किती आहेत? ८० गोदामात होती, ती तिथेच थांबवली. १५० युनिटच्या स्वतःच्या काउंटरवरून विकली गेली. उरलेली ४१० कोथरूड, सदाशिव पेठ आणि सातारा रोडच्या २२ दुकानांत गेली. दुकानांचे चलन होते, म्हणून यादी दहा मिनिटांत निघाली. काउंटरवरून घेणाऱ्यांचे फोन नंबर अर्थातच नव्हते.

तिसरा प्रश्न काकूंना आवडला नाही: हे कळलं कसं? जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, एका बाईंचा फोन आला होता. चटणी खाल्ल्यावर त्यांचे ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, दवाखान्यात इंजेक्शन घ्यावं लागलं. आता बऱ्या आहेत. "पण हे काही लिहायचं नाही हं," असंही त्या म्हणाल्या. त्याकडे पुढे येतो.

आणि चौथा, जो सगळे विसरतात: त्या दिवशी त्याच मिक्सरवर नंतर काय झालं? कारळाची चटणी. तिच्या आधी मात्र नेहमीचा सुपरवायझर आला होता, पाण्याने धुलाई झाली होती आणि रजिस्टरमध्ये तशी नोंद आणि सही होती. ती नोंद नसती, तर कारळाची बॅचही परत मागवावी लागली असती. "आमची बाकी उत्पादने सुरक्षित आहेत" हे वाक्य अशी नोंद डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहायचं नाही. आठवड्याने दुसरी सूचना काढायची वेळ आली, तर पहिलीवरचाही विश्वास उडतो.

सरकारी बाजू याच तासात उरका. अन्नपदार्थांसाठी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ आहे आणि त्याखाली माल परत मागवण्याच्या पद्धतीचे २०१७ चे नियम आहेत. माल परत मागवायला घेतला की २४ तासांच्या आत अन्न सुरक्षा प्राधिकरणाला आणि राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांना, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाला, कळवावं लागतं. शेंगदाणा हा लेबलवर जाहीर करावाच लागणारा ॲलर्जीकारक घटक आहे. २०२० च्या लेबलिंग नियमांत गव्हासारखी ग्लूटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे, सोयाबीन यांच्या यादीत तोही आहे. म्हणजे लेबलवर नसलेला शेंगदाणा पाकिटात असणं ही चवीतली गडबड नाही, नियमभंग आहे. काकूंच्या वकिलांनी तिकडचं पत्र केलं, सूचना आम्ही.

प्रत्येकाने काय करायचं, ते आधी ठरवा

मजकुराच्या आधी एका कागदावर माणसं मांडा. हे पाकीट कोणाकोणाच्या हातात असू शकतं, आणि त्यातल्या प्रत्येकाने आज संध्याकाळपर्यंत नक्की काय करावं? क्रियापद सापडत नसेल तर सूचना लिहायची वेळ झालेली नाही. "सहकार्य करावे" हे क्रियापद नव्हे. सहकार्य करण्यासाठी माणूस खुर्चीतून उठून काय करणार?

आमच्या कागदावर पाच जण आले. ज्याला दाण्यांची ॲलर्जी आहे आणि पाकीट घरात आहे, तो. ज्याने चटणी खाल्ली आहे आणि आता त्रास होतोय, तो. ज्याला ॲलर्जी नाही, तो. ज्याने पाकीट दुसऱ्याला दिलं, तो. आणि दुकानदार.

चौथा माणूस पुण्यात फार महत्त्वाचा आहे. चटणीची पाकिटं इथे स्वतःसाठी कमी आणि मुलांच्या बॅगेत जास्त जातात. ऑगस्टमध्ये तर शिकायला परदेशी जाणाऱ्यांच्या बॅगा भरलेल्या असतात. तिकडे खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या मुलाला ॲलर्जी असेल, आणि सूचना मात्र कर्वे रोडच्या दुकानाच्या दारावर. म्हणून "कोणाला दिलं असेल तर त्यांना आजच फोन करा" हे वाक्य आत गेलं.

तिसऱ्या माणसावरून वाद झाला. काकूंचं म्हणणं बरोबर होतं, की आपल्याकडे बहुतेक घरांत भाजीपासून कोशिंबिरीपर्यंत दाण्याचं कूट असतंच, ज्यांना चालतं त्यांना या चटणीने काहीही होणार नाही, मग त्यांनी परत का करायची? खरं आहे, आणि ते खरं म्हणून सूचनेत लिहायलाही हवं. पण सूचना "ॲलर्जी असेल तर हे, नसेल तर ते" अशी दोन वाटांनी लिहिली, की पुढे ढकलताना एक वाट गळते. सोसायटीच्या ग्रुपवर "अगं, आपल्याला चालतं म्हणे" एवढंच उरतं. शिवाय घरी पाहुणा येतो, डबा शेजारच्या मुलासमोर उघडतो. म्हणून कृती सगळ्यांना एकच ठेवली: वापरू नका, परत करा किंवा फेका. धोका कोणाला आहे, ते वेगळ्या वाक्यात.

मग परत करण्याची सोय. साठ रुपयांच्या पाकिटासाठी कोथरूडहून हडपसरला कोणी येणार नाही आणि बिल तर कोणाकडेच नसतं. जी कृती लोक करणार नाहीत ती लिहून उपयोग नसतो, म्हणून कृतीच सोपी करावी लागते. आम्ही दोन रस्ते ठेवले. कुठल्याही दुकानात पाकीट द्या, उघडलेलं असलं तरी, बिल नको, पैसे लगेच. किंवा पाकिटाच्या मागचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, चटणी कचऱ्यात टाका, पैसे यूपीआयने. ५६० पाकिटांचे पैसे फार तर ३३,६०० रुपये होतात. काकूंनी आकडा ऐकला आणि बिलाची अट स्वतःच काढून टाकली.

पाकीट ओळखायचं कसं

जुन्या मजकुरात "एका ठराविक बॅचमध्ये" होतं. कुठल्या, ते नव्हतंच. हे मुद्दाम नव्हतं, लिहिणाऱ्याला नंबर माहीत होता म्हणून त्याच्या डोक्यात वाक्य पूर्ण होतं.

बॅच नंबर नुसता देऊन भागत नाही. पाकीट हातात घ्या आणि तुम्ही स्वतः तो कुठे शोधता ते बघा. आमच्या पाकिटावर तो मागच्या बाजूला, खालच्या सीलच्या पट्टीच्या वर, काळ्या ठिपक्यांच्या शाईत होता, एमआरपीच्या शेजारी. तेलकट हाताने पुसट होतो. म्हणून नंबरसोबत पॅकिंगची तारीखही दिली. दोन्हींपैकी एक तरी वाचता येतं. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून नंबरभोवती लाल गोल केला, तो सूचनेत लावला.

एक बारीक गोष्ट, मराठी सूचनांत हमखास चुकणारी. पाकिटावर आकडे इंग्रजी छापलेले असतात आणि सूचनेत आपण सवयीने मराठी आकडे टाकतो. पाकिटावर 0417, सूचनेत ०४१७. मराठी ४ आणि इंग्रजी 8 तर जुळी भावंडं. चष्मा न लावता आकडे जुळवणाऱ्या आजोबांना सूचनेतला ०४१७ हा 0817 वाटू शकतो. बाकीची सूचना शुद्ध मराठी असू द्या, पण बॅच नंबर पाकिटावर छापलाय अगदी तसाच उतरवा.

आणि बरणी! चटणी आणली की पाकीट कापून बरणीत ओतायची आणि पाकीट कचऱ्यात, ही आपल्या घराघरातली पद्धत. अशा घरात बॅच नंबर उरतच नाही. माझ्या पहिल्या मसुद्यातही हे सुटलं होतं. वाचून दाखवल्यावर माझ्या आईने पहिला प्रश्न विचारला: "आणि माझी बरणीत आहे, तर?" तेव्हा ठरवलं: दुकानात माल १४ ऑगस्टला पोचला, म्हणून १४ ऑगस्टनंतर घेतलेली आणि पाकीट नसलेली जवस चटणी त्याच बॅचची धरायची. काउंटरवर मात्र विक्री १३ पासूनच सुरू होती, म्हणून सूचनेत १३ तारीख गेली. संशय असेल तिथे कड सावधपणाकडे झुकवायची, आणि ती तारखेने, "नुकतीच घेतलेली" अशा शब्दाने नव्हे.

धोका सांगताना आवाज कुठे ठेवायचा

शांत लिहिणं म्हणजे धोका लहान करून सांगणं नव्हे. काकूंच्या मजकुरात धोका लहान करणारे पाच शब्द होते: "अंश", "शक्यता नाकारता येत नाही", "केवळ", "खबरदारी", "स्वेच्छेने". युरोपियन युनियनने २०२३ साली केलेल्या उत्पादन सुरक्षेच्या नियमात, जो डिसेंबर २०२४ पासून लागू झाला, माल परत मागवण्याच्या सूचनेत नेमके असलेच शब्द नकोत म्हणून लिहून ठेवलंय: स्वेच्छेने, खबरदारी म्हणून, क्वचित प्रसंगी, आणि "आजवर एकही अपघात झालेला नाही" हे वाक्यसुद्धा. तो नियम आपल्याला लागू नाही, आणि मुळात तो अन्नासाठी नाहीच. पण यादी म्हणून मी ती भिंतीवर चिकटवून ठेवली आहे. "स्वेच्छेने" वाचणाऱ्याला वाटतं, कंपनी उगीच सज्जनपणा करतेय, मी नाही केलं तरी चालेल.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. "जीवघेणा", "सावधान!!", लाल अक्षरं, तीन उद्गारचिन्हं, हे टाकलं की ज्यांना काहीच धोका नाही ते घाबरतात आणि युनिटचा फोन तेच अडवून ठेवतात. शांतपणा विशेषणं काढल्याने येतो. कोणाला, काय होऊ शकतं, किती वेळात, आणि झालं तर काय करायचं. चार गोष्टी, साध्या वाक्यांत.

शेंगदाण्याच्या ॲलर्जीत सहसा खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत त्रास सुरू होतो: अंगावर गांध्या, खाज, ओठ-जीभ-चेहरा सुजणं, उलटी. घसा आवळणं, श्वास लागणं, चक्कर येणं ही गंभीर लक्षणं, आणि तिथे वाट बघत बसायचं नसतं. हा भाग आम्ही ओळखीच्या डॉक्टरबाईंना वाचायला दिला. त्यांनी एकच बदल सुचवला. मी लिहिलं होतं, "त्रास झाल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा." त्या म्हणाल्या, श्वास लागलेल्या माणसाला सल्ला घ्यायला सांगताय? तिथे "लगेच १०८ ला फोन करा" आलं. त्यांनी आणखी एक प्रश्न दिला जो लोक नक्की विचारतील: चटणी परत परतून, भाजून घेतली तर? भाजल्याने दाण्यांची ॲलर्जी जात नाही. एक ओळ तीही.

शब्दही घरातलाच हवा. "भुईमूग प्रथिने" लिहिलं असतं तर अचूक झालं असतं आणि कोणाला कळलं नसतं. "शेंगदाणे (दाण्याचं कूट)" असं पहिल्यांदा लिहिलं आणि पुढे सगळीकडे शेंगदाणे.

त्या बाईंचा फोन लिहायचा का

काकूंचं म्हणणं: लिहिलं तर लोक म्हणतील, यांच्या चटणीने माणूस आजारी पडला. माझं म्हणणं: माणूस आजारी पडलाच आहे. त्या बाईंच्या नात्यात, सोसायटीत ती गोष्ट गेलेली आहे. सूचनेत नसेल तर लोक म्हणतील, लपवलं. शिवाय ते एक वाक्य वाचणाऱ्याला जितकं हलवतं तितकं दुसरं कुठलंच हलवत नाही, कारण ते घडलेलं आहे.

वकिलांची हरकत वेगळी होती: चूक कबूल केल्यासारखं होईल. त्यांच्याशी भांडलो नाही, दोन गोष्टी वेगळ्या केल्या. काय घडलं, हे तथ्य आहे आणि प्रशासनाला दिलेल्या पत्रात ते होतंच. त्याचा दोष कायद्याने कोणाचा, किती, हे सूचनेचं काम नाही. म्हणून "यंत्र नीट धुतलं गेलं नाही" हे लिहिलं, आणि बदलीच्या मुलाबद्दल एक अक्षर नाही. लेखी सूचनेत कामगारावर ढकललेली चूक ग्राहकाला बरोबर कळते आणि मालकच हलका ठरतो. त्या बाईंना काकूंनी स्वतः फोन करून विचारलं, नाव न देता लिहिलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, लिहाच.

माफी एकदाच मागायची, शेवटाकडे, आणि "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असं नाही. ओठ सुजणं ही गैरसोय नव्हे. परंपरा, विश्वास, आरोग्य हीच प्राथमिकता, ही सगळी वाक्यं गेली. जाहिरात आणि सूचना एका कागदावर मावत नाहीत.

जोडून झालेली सूचना

कृती पहिल्या दोन ओळींत. ज्याने तेवढंच वाचून पान पालटलं, त्यालाही काय करायचं ते कळलं पाहिजे. कारण खाली.

"जवस चटणी, १०० ग्रॅम, बॅच 0417: खाऊ नका, परत द्या.
या चटणीत शेंगदाणे (दाण्याचं कूट) मिसळले गेले आहेत. पाकिटावर ते लिहिलेले नाहीत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना यामुळे गंभीर त्रास होऊ शकतो.

कुठलं पाकीट: पाकिटाच्या मागे, खालच्या बाजूला, एमआरपीच्या शेजारी बॅच नंबर 0417 आणि पॅकिंगची तारीख १२ ऑगस्ट आहे (फोटो पाहा). चटणी बरणीत काढली असेल आणि पाकीट नसेल, तर १३ ऑगस्टपासून घेतलेली जवस चटणी याच बॅचची समजा.

काय करायचं: चटणी खाऊ नका, कोणाला देऊ नका. भाजून किंवा परतूनही ती ॲलर्जी असलेल्यांना चालणार नाही. जिथून घेतली तिथे किंवा आमची उत्पादनं मिळणाऱ्या कुठल्याही दुकानात परत द्या, उघडलेली असली तरी. बिल लागणार नाही, पूर्ण पैसे मिळतील. दुकानात जाणं शक्य नसेल तर पाकिटाचा किंवा बरणीचा फोटो खालच्या नंबरवर व्हॉट्सॲप करा आणि चटणी कचऱ्यात टाका. पैसे यूपीआयने पाठवू. हे पाकीट कोणाला दिलं किंवा परगावी, परदेशी पाठवलं असेल, तर त्यांना आजच कळवा.

चटणी खाल्ली असेल तर: ज्यांना शेंगदाणे चालतात त्यांना या चटणीने धोका नाही. ॲलर्जी असेल आणि अंगावर गांध्या, खाज, ओठ किंवा चेहरा सुजणं, उलटी असा त्रास होत असेल, तर लगेच दवाखान्यात जा. घसा आवळला, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर लगेच १०८ ला फोन करा.

काय झालं: १२ ऑगस्टला शेंगदाणा चटणीनंतर पॅकिंगचं यंत्र नीट धुतलं गेलं नाही आणि त्यातच जवस चटणी भरली गेली. सगळ्या पाकिटांत शेंगदाणे असतीलच असं नाही, पण कुठल्या पाकिटांत आहेत हे ओळखता येत नाही, म्हणून पूर्ण बॅच, ६४० पाकिटं, परत घेत आहोत. एका ग्राहकांना ही चटणी खाऊन त्रास झाला. उपचारानंतर त्या आता बऱ्या आहेत. त्या दिवसाच्या धुलाईच्या नोंदी तपासल्या. दुसऱ्या कुठल्याही चटणीत ही अडचण नाही. अन्न व औषध प्रशासनाला कळवलं आहे.

ही चूक आमच्याकडून झाली. आम्ही माफी मागतो.
फोन आणि व्हॉट्सॲप: (नंबर). रोज सकाळी ८ ते रात्री ९, दुपारीही सुरू."

"दुपारीही सुरू" बघून काकू हसल्या. पण पुण्यात ते लिहावंच लागतं, नाहीतर एक ते चार कोणी फोन करणारच नाही. आणि लिहिलं तर मग उचलावा लागतो. काकूंनी दोघांच्या पाळ्या लावल्या आणि दोघांच्याही समोर हीच सूचना ठेवली, म्हणजे फोनवर वेगळं आणि कागदावर वेगळं होणार नाही.

लावण्याआधी तिघांना वाचायला द्या

"कसं वाटतं?" असं विचारू नका. सगळे छानच म्हणतात. कागद वाचायला द्या, काढून घ्या, आणि विचारा: आता तुम्ही काय कराल? मी तीन जण निवडले होते: माझी आई, इमारतीखालचा किराणावाला, आणि काकूंच्या ऑफिसातली हिशेब बघणारी मुलगी. आईने बरणीचा प्रश्न काढला, ते आधी सांगितलंच. मुलगी म्हणाली, "मी पाकीट दुकानात देईन," म्हणजे बरोबर. किराणावाला म्हणाला, "मी शिल्लक पाकिटं मागे ठेवतो आणि तुमचा माणूस आला की देतो. पण तोवर कोणी मागितलं तर?" तो अडला, कारण सूचना ग्राहकासाठी होती आणि त्याच्यासाठी काहीच नव्हतं.

दुकानदारांचा निरोप वेगळाच असतो, छोटा, आणि फोनवर सांगून मग लेखी पाठवायचा: शेल्फवरची 0417 आत्ता काढा, पिशवीत बांधून "विकू नये" लिहा, किती आहेत ते मोजून कळवा, ग्राहकाला पैसे तुम्ही द्या, आम्ही पुढच्या चलनात वळते करू. २२ दुकानांना फोन व्हायला सव्वा तास लागला. ते आधी, दारावरची सूचना नंतर. उलट केलं तर ग्राहक पाकीट घेऊन येतो आणि गल्ल्यावरचा माणूस म्हणतो, मला काही माहीत नाही बुवा.

व्हॉट्सॲपवर पाठवताना सूचना नुसता मजकूर म्हणून पाठवू नका. लोक वरच्या दोन ओळी कापून पुढे पाठवतात आणि बॅच नंबर गळतो, मग सगळ्याच चटण्या खराब असल्याची बातमी होते. एकाच चित्रात पूर्ण सूचना, वर तारीख आणि युनिटचा फोन. ज्याला शंका येईल तो निदान फोन करून खरं-खोटं विचारू शकतो. दुकानासाठी ए-फोर कागद, गल्ल्याजवळ डोळ्यांच्या उंचीवर. शटरवर लावली तर दुकान उघडल्यावर ती वर गुंडाळली जाते, हे सातारा रोडच्या एका दुकानात जाऊन बघितल्यावरच कळलं.

कागद कधी काढायचा, हेही त्याच दिवशी ठरवा. चटणी तीन महिने टिकते, म्हणजे कुठल्यातरी घरात ती १२ नोव्हेंबरपर्यंत असू शकते. एका दुकानदाराने गणपतीच्या गर्दीत "आता पुरे झालं" म्हणून कागद काढला होता, तो परत लावून घेतला. दुसऱ्याने कागद ठेवला होता, पण त्यावर कोणीतरी मोदकांची जाहिरात चिकटवली होती.